अकरा दिवसांनी ठोके पुन्हा बिघडले, मग शॉक वाया गेला का?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ६३. बीपी आणि शुगर दोन्ही आहे, गोळ्यांवर ताब्यात आहे. चार महिन्यांपूर्वी जिना चढताना दम लागायला लागला आणि इसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. टूडी इको बरा आहे, फक्त डावा वरचा कप्पा थोडा मोठा, ४४ मिलिमीटर. रक्त पातळ करायची ॲपिक्सबॅन ५ मिलिग्रॅम दोन वेळा आणि मेटोप्रोलॉल चालू आहे. महिन्यापूर्वी शॉक दिला. ठोके लगेच सरळ झाले, अकरा दिवस मी अगदी पहिल्यासारखी होते. बाराव्या दिवशी सकाळी उठले तर पुन्हा तेच. आता डॉक्टर म्हणतात, एकतर ॲमिओडॅरोन सुरू करून परत शॉक देऊ, नाहीतर ॲब्लेशन करून टाका. पहिला शॉक वाया गेला तर दुसरा कशाला? गोळीवर भागत असेल तर हृदयात नळ्या कशाला घालायच्या? आणि ॲब्लेशन झालं की रक्त पातळ करायची गोळी तरी सुटेल ना?

उत्तर : ताई, शॉक वाया गेलेला नाही. उलट, त्यानं जे सांगितलं ते कुठल्याही तपासणीत कळलं नसतं. पहिलं म्हणजे, चार महिने बिघडलेला तुमचा वरचा कप्पा अजूनही मूळ लयीत येऊ शकतो. दुसरं म्हणजे, तो लयीत आला की तुम्हाला बरं वाटतं. हे दुसरं उत्तर फार कामाचं आहे. माझ्याकडे असे पेशंट येतात जे शॉकनंतर आठवडाभर सरळ लयीत असतात आणि म्हणतात, “मला तर काहीच फरक जाणवला नाही हो.” अशांच्या मागे मी लय परत आणण्यासाठी फारशी लागत नाही, नाडीचा वेग आटोक्यात ठेवते. तुमचं तसं नाही. त्या अकरा दिवसांमुळेच पुढचं सगळं बोलणं करण्याजोगं झालं आहे.

आता शॉक नेमकं काय करतो ते बघू, म्हणजे तो काय करत नाही हेही कळेल. फिब्रिलेशनमध्ये वरच्या कप्प्यात विजेच्या अनेक लाटा एकाच वेळी गरगरत असतात, मिनिटाला तीनशे-चारशेहून जास्त वेळा. तो कप्पा आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. शॉक देताना एक पॅड छातीवर उजवीकडे आणि दुसरं डाव्या कुशीत किंवा पाठीवर चिकटवतात. शिरेतून पाच-दहा मिनिटांची गुंगी देतात. मशीनवर ‘सिंक’चं बटण दाबलं की पडद्यावर प्रत्येक मोठ्या ठोक्याच्या टोकावर एक खूण उमटायला लागते. ती खूण बघितल्याशिवाय शॉकच्या बटणाला कोणी हात लावत नाही, कारण तोच शॉक ठोक्यानंतरच्या नाजूक क्षणी पडला तर खालचे कप्पेच थरथरायला लागतील, आणि ते जीवघेणं असतं. साधारण दोनशे जूलचा शॉक देतात. पडद्यावरची रेघ क्षणभर सपाट होते. त्या वेळी खोलीत कोणी बोलत नाही. मग एक छोटा उंचवटा, त्यामागे ठोका, पुन्हा उंचवटा, पुन्हा ठोका. तो छोटा उंचवटा म्हणजे वरचा कप्पा पुन्हा कामाला लागला.

म्हणजे शॉकनं सगळ्या पेशी एकाच क्षणी गप्प केल्या आणि हृदयाच्या मूळ गतिकेंद्राला पुन्हा सूत्रं हातात घ्यायला वाव दिला. गोंगाट करणाऱ्या वर्गात बाईंनी टेबलावर डस्टर आपटावं, तसं. वर्ग गप्प होतो खरा, पण मागच्या बाकावरची खोडकर मुलं तिथेच बसलेली असतात. शॉक दिल्यावर दहापैकी साधारण नऊ जणांची लय तिथल्या तिथे येते. ती टिकते का, हा प्रश्न वेगळा. काही मदत न देता सोडलं तर वर्षभरात निम्म्याहून जास्त लोक परत फिब्रिलेशनमध्ये जातात, आणि त्यातले बरेचसे पहिल्या काही आठवड्यांतच. तुमचा बारावा दिवस त्याच काळात येतो.

पहिल्याच आठवड्यांत का, याचं कारण १९९५ साली नेदरलँड्समध्ये शेळ्यांवर झालेल्या प्रयोगात सापडलं. यंत्रानं शेळ्यांच्या हृदयात फिब्रिलेशन पुन्हा पुन्हा सुरू केलं जायचं. सुरुवातीला ते काही सेकंदांत आपोआप थांबायचं. दोन-तीन आठवडे असंच चालू ठेवल्यावर बहुतेक शेळ्यांत ते आपणहून थांबेचना. प्रत्येक ठोक्यानंतर कप्प्याच्या पेशींना थोडी विश्रांती लागते. फिब्रिलेशन जितकं चालेल तितकी ही विश्रांती आखूड होत जाते, आणि ती आखूड झाली की नवी लाट सहज पेट घेते. लय परत आल्यावर हा बदल दिवसांत-आठवड्यांत सुधारतो. कप्प्याचा वाढलेला आकार आणि त्यात झालेले तंतू मात्र इतक्या लवकर मागे जात नाहीत. शॉकनंतरचे पहिले काही आठवडे कप्पा लयीत असतो, पण सावरलेला नसतो. या काळात आधाराला गोळी दिली तर दुसऱ्या शॉकला अर्थ आहे. तोच शॉक पुन्हा नुसता द्यायचा असेल, तर तुमची शंका रास्त आहे.

गोळ्यांकडे येण्याआधी एक गैरसमज बाजूला करते. तुमची मेटोप्रोलॉल नाडीचा वेग कमी करते, लय धरून ठेवण्यात तिचा वाटा फार छोटा असतो. लय धरणारी औषधं वेगळी असतात, आणि कोणती द्यायची हे ती किती जोरदार आहे यावर ठरत नाही. तुमच्या हृदयाला कोणती सोसेल यावर ठरतं. फ्लेकेनाइड हे त्यातलं एक. रोजच्या वापराला तसं हलकं, थायरॉइडला आणि फुप्फुसाला त्रास न देणारं. पण १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली होती. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांचे चुकार ठोके थांबवण्यासाठी त्यांना हे औषध आणि त्याचं एक भावंड दिलं होतं. चुकार ठोके थांबले, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले आणि चाचणी मध्येच बंद करावी लागली. तेव्हापासून नियम असा की हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असेल, जुना अटॅक असेल किंवा पंपिंग कमी असेल तर फ्लेकेनाइड नाही. तुमचा इको बरा आहे, पण बीपी आणि शुगर दोन्ही असताना ब्लॉकेज नाहीत हे इकोवरून कळत नाही. स्ट्रेस टेस्ट किंवा सीटी अँजिओ झालेली नसेल तर आधी ती करा. ती स्वच्छ निघाली तर फ्लेकेनाइडचा विचार नक्की करता येईल, आणि हा पर्याय तुमच्यापुढे कोणी ठेवला नाही याचं मला थोडं आश्चर्य वाटतं. दिलं तर मेटोप्रोलॉल सोबत चालू ठेवायचीच. फ्लेकेनाइड एखाद्या वेळी फिब्रिलेशनचं रूपांतर फ्लटरमध्ये, म्हणजे वरच्या कप्प्यातल्या संथ पण शिस्तीतल्या ठोक्यांत करतं, आणि मेटोप्रोलॉलचा लगाम नसेल तर त्यातला प्रत्येक ठोका थेट खाली उतरून नाडी दोनशेच्या घरात जाऊ शकते.

ॲमिओडॅरोन यातलं सगळ्यात प्रभावी औषध. कॅनडातल्या एका चाचणीत, २००० साली तिचे निकाल आले, सव्वा-दीड वर्षात ॲमिओडॅरोनवरच्या ३५ टक्के लोकांचं फिब्रिलेशन परत आलं. सोटॅलॉल किंवा प्रोपॅफेनोन या लय धरणाऱ्या दुसऱ्या औषधांवर असलेल्यांत हाच आकडा ६३ टक्के होता. फरक मोठा आहे, आणि कमकुवत हृदयालाही ते सोसतं. मग अडचण कुठे? या औषधाच्या वजनाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग निव्वळ आयोडीन असतो. रोजची २०० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे शरीराच्या गरजेच्या कित्येक पट आयोडीन. शिवाय ते चरबीत मुरतं. गोळी बंद केली तरी आठवडे, कधी महिने, शरीरात राहतं. थायरॉइड मंदावतो किंवा भडकतो, यकृताचे आकडे वाढू शकतात, उन्हात त्वचा भाजल्यासारखी होते, आणि थोड्या लोकांत फुप्फुसाला सूज येते. ती सूज वेळेत ओळखली नाही तर कायमचं नुकसान होतं.

माझे एक पेशंट या गोळीवर वर्षभर उत्तम लयीत होते. एक दिवस धडधड परत आली. त्यांनी आणि त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी ठरवलं की औषध थकलं, डोस वाढवू. मी विचारलं, वजन किती कमी झालं? सहा किलो. हात पुढे करायला सांगितले तर बोटं कापत होती. टीएसएच जवळजवळ शून्य आला. गोळीनं थायरॉइड भडकवला होता आणि थायरॉइडनं फिब्रिलेशन परत आणलं होतं. डोस वाढवला असता तर आगीत तेलच पडलं असतं. म्हणून ॲमिओडॅरोन सुरू करण्याआधी थायरॉइड, यकृत आणि छातीचा एक्स-रे करून ठेवा. पुढे थायरॉइड आणि यकृत दर सहा महिन्यांनी. कोरडा खोकला आणि नवा दम लागला तर ‘हवा बदलली असेल’ म्हणून सोडून देऊ नका. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन घेत असाल तर तेही सांगा. ॲमिओडॅरोनबरोबर त्याचा डोस मर्यादेत ठेवावा लागतो, नाहीतर स्नायूंना इजा होते.

तुमच्या वयाला हे औषध दहा-पंधरा वर्षं घेणं मला पटत नाही. दुसऱ्या शॉकच्या आधी सुरू करून पुढे दोन-तीन महिने, कप्पा सावरेपर्यंत, एवढ्यासाठी मात्र ते चांगलं आहे. तुमच्या डॉक्टरांच्या मनात हेच आहे की कायमची गोळी, हे त्यांना स्पष्ट विचारा. चिठ्ठीवर दोन्हीचं नाव सारखंच दिसतं.

आता ॲब्लेशन. मागच्या बाकावरची मुलं कुठे बसतात हे १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. फुप्फुसांतून डाव्या वरच्या कप्प्यात रक्त आणणाऱ्या चार शिरा असतात. त्यांच्या तोंडाशी कप्प्याच्या स्नायूचे पट्टे शिरेत थोडे आत गेलेले असतात. फिब्रिलेशन पेटवणाऱ्या ६९ ठिणग्यांपैकी ६५ त्यांना या शिरांतच सापडल्या. म्हणून ॲब्लेशनमध्ये कप्पा ‘जाळून टाकत’ नाहीत. शिरांच्या तोंडाभोवती व्रणाचं एक कडं तयार करतात, म्हणजे आतली ठिणगी बाहेर येत नाही. जांघेतल्या शिरेतून नळी वर नेतात, उजव्या कप्प्यातून मधल्या पडद्याला बारीक भोक पाडून डावीकडे जातात. कडं उष्णतेनं करता येतं, थंडीनं करता येतं, आणि अलीकडे विजेच्या अतिसूक्ष्म स्पंदांनीही करतात.

थंडीच्या पद्धतीतली एक गोष्ट सांगते, कारण धोका कसा ओळखतात ते त्यात दिसतं. २८ मिलिमीटरचा एक फुगा शिरेच्या तोंडावर बसवून उणे चाळीस-पन्नास अंशांपर्यंत थंड करतात, तीन-चार मिनिटं. उजव्या बाजूच्या शिरांना खेटून श्वासपटलाला चालवणारी नस जाते. तिला थंडीचा मार बसू नये म्हणून त्या नसेला मुद्दाम बारीक वीज देत राहतात. प्रत्येक वेळी श्वासपटल उचकी लागल्यासारखं उडतं, आणि टीममधला एक जण सतत पेशंटच्या पोटावर हात ठेवून तो धक्का मोजत असतो. धक्का मंदावला की “स्टॉप!” त्याच क्षणी थंडी बंद. इतक्या महागड्या यंत्रांच्या गर्दीत भरवसा शेवटी हाताच्या पंजावर ठेवलेला असतो, हे मला नेहमी मजेशीर वाटतं.

धोके आहेतच. हृदयाभोवती रक्त साठणं साधारण शंभरात एकाला, पक्षाघात त्याहून कमी, जांघेत रक्तस्राव किंवा गाठ थोड्या जास्त जणांना. एक धोका अत्यंत दुर्मीळ आहे, पण पेशंटला माहीत असायलाच हवा. डाव्या कप्प्याच्या अगदी मागे अन्ननलिका असते. उष्णतेनं तिला इजा झाली तर एक ते आठ आठवड्यांनी, सगळं सुरळीत आहे असं वाटत असताना, ताप येतो, गिळताना दुखतं किंवा अचानक पक्षाघातासारखी लक्षणं दिसतात. अशा वेळी थेट ॲब्लेशन केलेल्या हॉस्पिटलला फोन करायचा, तिथे छातीचा सीटी करतात. दुसरीकडे कुठे गेलात तर पहिलं वाक्य “माझं हृदयाचं ॲब्लेशन झालंय” हेच बोला. घसा दुखतोय म्हणून कोणी आधी एंडोस्कोपी केली तर तिच्यातली हवा हृदयात जाऊ शकते आणि तेच प्राणावर बेततं.

आता गोळी की ॲब्लेशन? फिब्रिलेशन येऊन-जाऊन असणाऱ्यांत याची थेट तुलना झाली आहे. २०२१च्या एका चाचणीत ३०३ लोकांच्या छातीत कायम ठोके टिपणारं छोटं यंत्र बसवलं होतं. वर्षभरात थंडीचं ॲब्लेशन झालेल्या ४३ टक्के लोकांत ठोके पुन्हा कधी ना कधी बिघडले, गोळ्यांवरच्यांत ६८ टक्के. या आकड्यांत यंत्रानं टिपलेला अर्ध्या मिनिटाचा झटकाही धरलेला आहे. पेशंटला जाणवतील अशा झटक्यांचं प्रमाण पुष्कळ कमी होतं, ११ आणि २६ टक्के. तुमचं फिब्रिलेशन मात्र सतत चालणारं आहे, शॉकशिवाय न थांबणारं. यात एका ॲब्लेशनचं यश येऊन-जाऊन असणाऱ्यांपेक्षा कमी असतं, आणि काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं. ४४ मिलिमीटरचा कप्पा वाढलेला आहे, पण हाताबाहेर गेलेला नाही. चारच महिने झालेत हेही तुमच्या बाजूनं. हे चाराचे चाळीस होऊ दिलेत तर मी इतक्या खात्रीनं बोलणार नाही.

तुमच्या जागी माझी सख्खी बहीण असती तर मी हा क्रम सुचवला असता. आधी रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत का बघायचं. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं आहे का तेही, कारण ते तसंच ठेवून केलेला शॉक आणि ॲब्लेशन दोन्ही कमी टिकतात. मग ॲब्लेशनची तारीख घ्यायची, आणि ती दूरची असेल तर तोवर गोळीच्या आधारानं दुसरा शॉक. कप्पा जितके दिवस लयीत राहील तितकं चांगलं. नळ्यांची मनातून भीती असेल तर गोळी आणि शॉक आधी करून बघण्यात काही चूक नाही. फक्त त्यावरही परत आलं तर तिसऱ्या शॉकच्या रांगेत उभं राहू नका. ॲब्लेशननंतर पहिले दोन-तीन महिने मात्र धीर धरा. व्रण भरत असतात, त्या काळात ठोके अधूनमधून बिघडतात, आणि तेवढ्यावरून ॲब्लेशन फसलं असं कोणी म्हणत नाही.

ॲपिक्सबॅनबद्दल माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. थरथरणाऱ्या कप्प्याच्या डाव्या कोपऱ्यात एक पिशवी असते, तिथे रक्त साचून गुठळी होते. शॉकनं लय लगेच येते, पण कप्प्याचं आकुंचन परत यायला दिवस ते आठवडे लागतात. म्हणून शॉकच्या आधी निदान तीन आठवडे आणि नंतर निदान चार आठवडे ही गोळी एकदाही न चुकवता घ्यायची असते. आधीच्या तीन आठवड्यांत एखादा डोस राहिला असेल तर लपवू नका. अन्ननलिकेतून इको करून गुठळी नाही ना बघतात आणि मगच शॉक देतात. ॲब्लेशननंतरही निदान दोन-तीन महिने ती लागतेच. त्यापुढे गोळी चालू ठेवायची की नाही हे लयीवर ठरत नाही, पक्षाघाताच्या तुमच्या धोक्यावर ठरतं. बीपी आणि शुगर दोन्ही असल्यानं सध्याच्या शिफारशींप्रमाणे तुमची गोळी चालू राहील, आणि दोन वर्षांनी तुम्ही ६५च्या व्हाल तेव्हा त्यात वयाचीही भर पडेल. २००२ सालच्या चार हजारांवर पेशंटच्या एका चाचणीत हा धडा महागात मिळाला होता. लय सुधारली म्हणून अनेकांची रक्त पातळ करायची गोळी थांबवली गेली, आणि पक्षाघात झालेल्यांपैकी बहुतेक जण गोळी थांबवलेले किंवा पुरेसा डोस न घेणारे निघाले. फिब्रिलेशनचे झटके न जाणवताही येतात.

पुढच्या भेटीला जाताना शॉकच्या आधीचा आणि लगेच नंतरचा, असे दोन्ही इसीजी सोबत न्या. बाराव्या दिवसाचाही काढला असेल तर तोही. तो फिब्रिलेशनचा आहे की फ्लटरचा, हे मला तुमच्या पत्रावरून कळत नाही. नेहमीचा फ्लटर निघाला तर त्याचं ॲब्लेशन उजव्या कप्प्यात होतं, काम छोटं असतं, यशही जास्त, आणि मी वर सांगितलेल्यातलं निम्मं तुम्हाला लागूच होणार नाही.